‘एक तरी’ आणि ‘प्रत्येक’: अवघड प्रश्नांची बहुपदी उतरंड

तीन चल घेऊ: a, b आणि c. प्रत्येकाची किंमत ० किंवा १. आता हे सूत्र पाहा:

(a ∧ ¬b) ∨ (¬a ∧ b) ∨ (b ∧ ¬c) ∨ (¬b ∧ c) ∨ (c ∧ ¬a) ∨ (¬c ∧ a)

∧ म्हणजे ‘आणि’, ∨ म्हणजे ‘किंवा’, ¬ म्हणजे ‘नाही’. सहा कंस ‘किंवा’ने जोडलेले आहेत, त्यामुळे एक जरी कंस खरा ठरला तरी सगळे सूत्र खरे. थोडे निरखून पाहिले की कळते, हे सूत्र एवढेच म्हणते आहे की a, b, c या तिघांच्या किमती एकसारख्या नाहीत. एकूण आठ मांडण्यांपैकी ००० आणि १११ सोडल्या तर उरलेल्या सहा मांडण्यांवर ते खरे ठरते.

एवढ्याशा गोष्टीसाठी सहा कंस खर्च करायची गरज आहे का? नाही. (a ∧ ¬b) ∨ (b ∧ ¬c) ∨ (c ∧ ¬a) एवढ्यात काम भागते. पहिला कंस १०० आणि १०१ या मांडण्या सांभाळतो, दुसरा ०१० आणि ११०, तिसरा ००१ आणि ०११. सहाच्या सहा मांडण्या आल्या, आणि नको असलेली एकही आली नाही. मग दोन कंसांत भागेल का? कंसात एकच चल ठेवला, समजा नुसता a, तर तो १११ वरही खरा होईल. नुसता ¬a ठेवला तर तो ०००वर खरा होईल. दोन्ही चालत नाही. म्हणजे प्रत्येक कंसात निदान दोन चल हवेत. दोन चल बांधले की एकच मोकळा राहतो, म्हणून एक कंस जास्तीत जास्त दोन मांडण्या सांभाळतो. सहा मांडण्यांना तीन कंस लागणारच.

तीन चलांसाठी हे कागदावर जमले. शंभर चल आणि पाचशे कंस असते तर? दिलेल्या सूत्राशी तंतोतंत जुळणारे, पण k किंवा त्याहून कमी कंसांचे सूत्र आहे का, हा प्रश्न सर्किट आखणाऱ्यांपुढे रोजचा आहे, कारण कमी कंस म्हणजे चिपवर कमी जागा. हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला तर असा होतो: k कंसांचे असे *एक तरी* सूत्र आहे का, की चलांच्या *प्रत्येक* मांडणीवर त्याचे आणि मूळ सूत्राचे उत्तर एकच येते? चिन्हांत: ∃ψ ∀x (ψ(x) = φ(x)). इथे φ हे दिलेले सूत्र, ψ हे शोधायचे सूत्र आणि x ही मांडणी. तर्कशास्त्रात ∃ आणि ∀ यांना संख्यापक म्हणतात. पहिल्याचा अर्थ ‘एक तरी आहे’, दुसऱ्याचा ‘प्रत्येकासाठी’.

या वाक्यात एक ‘एक तरी’ आहे आणि त्याच्या पोटात एक ‘प्रत्येक’ आहे. प्रश्न किती अवघड आहे, याचे एक माप याच क्रमात दडलेले आहे. ‘एक तरी’ आणि ‘प्रत्येक’ किती वेळा आलटून पालटून येतात, हे मोजून प्रश्नांच्या पायऱ्या पाडता येतात. या पायऱ्यांच्या रचनेला बहुपदी उतरंड म्हणतात. अल्बर्ट मायर आणि लॅरी स्टॉकमायर यांनी १९७२ मध्ये ती मांडली, आणि कमीत कमी लांबीच्या सूत्राचा प्रश्न तेव्हाही त्यांच्यासमोर होता.

सगळ्यात खालची पायरी बिनसंख्यापकाची. सूत्र दिले आहे, चलांची मांडणीही दिली आहे. सूत्र खरे की खोटे? प्रत्येक कंस तपासत गेले की झाले. सूत्र दुप्पट लांब झाले तर वेळही साधारण दुप्पट लागेल. लांबी n असताना ज्या कामाला n, n² किंवा n³ अशा एखाद्या बहुपदीच्या आतला वेळ पुरतो, ते काम बहुपदी वेळात होते असे म्हणतात, आणि अशा प्रश्नांच्या वर्गाला पी म्हणतात. वरच्या सगळ्या पायऱ्यांवर, वाक्याच्या अगदी आत, सगळे संख्यापक संपल्यावर जी तपासणी उरते ती याच जातीची असते. ψ(x) आणि φ(x) यांची उत्तरे जुळतात का, ही तपासणी तशीच आहे.

पहिल्या पायरीवर एकच संख्यापक येतो. सूत्र दिले आहे. ते खरे करणारी एक तरी मांडणी आहे का? हा समाधेयतेचा प्रश्न, आणि वर्गाचे नाव एनपी. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवले की एनपीमधला कुठलाही प्रश्न या एका प्रश्नात बसवता येतो. शंभर चल असतील तर मांडण्या २^१०० होतात. सेकंदाला अब्ज मांडण्या तपासणारे यंत्र घेतले तरी त्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे तीन हजार पट वेळ लागेल. पण कुणी नेमकी मांडणी हातात आणून दिली, तर ती तपासणे क्षणाचे काम. एनपीचा सगळा भर यावर आहे: उत्तर ‘हो’ असेल तर त्याचा छोटा, तपासता येण्याजोगा पुरावा असतो.

इथे सूत्राच्या घडणीकडे लक्ष द्यायला हवे. सुरुवातीचे सूत्र ‘किंवा’ने जोडलेल्या कंसांचे होते. अशा सूत्राला खरे करणारी मांडणी शोधणे मुळीच अवघड नाही. ज्यात a आणि ¬a दोन्ही एकदम नाहीत असा एक कंस सापडला की झाले. अवघड प्रश्न उलटा आहे: हे सूत्र *प्रत्येक* मांडणीवर खरे आहे का? तिथे ‘हो’ला छोटा पुरावा कुणाला सापडलेला नाही. छोटा पुरावा असतो तो ‘नाही’ला: सूत्र जिथे खोटे पडते ती एक मांडणी. ∀ने सुरू होणाऱ्या अशा प्रश्नांचा वर्ग म्हणजे को-एनपी. दोन सूत्रे सगळीकडे सारखी आहेत का, हा प्रश्नही तिथलाच. त्यामुळे पहिल्या पायरीला दोन बाजू आहेत, ∃ची आणि ∀ची. या दोन बाजू खरेच वेगळ्या आहेत, असे बहुतेक जाणकार मानतात. पण ते आजवर सिद्ध झालेले नाही.

आता कमीत कमी कंसांच्या प्रश्नाकडे परत येऊ. समजा कुणी शंभर चलांच्या सूत्रासाठी तीस कंसांचे सूत्र आणून दिले आणि म्हणाले, ‘हे घ्या, अगदी तेच आहे.’ ते पडताळायचे कसे? दोन सूत्रे प्रत्येक मांडणीवर जुळतात का, हे पाहावे लागेल, आणि तोच तर नुकताच पाहिलेला को-एनपीचा प्रश्न. पुरावा हातात आला, पण पुरावा तपासणेच अवघड. दुसऱ्या बाजूने, ‘तीस कंसांचे सूत्र नाही’ असे कुणी म्हणाले तरी त्यालाही छोटा पुरावा दिसत नाही. तीस कंसांच्या प्रत्येक सूत्रासाठी एकेक चुकीची मांडणी दाखवावी लागेल, आणि ती सूत्रे अगणित म्हणावीत इतकी आहेत. हा प्रश्न ना एनपीत मावतो ना को-एनपीत, निदान तशी वाट कुणाला दिसत नाही. तो दुसऱ्या पायरीचा आहे. ∃ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या पायरीला Σ₂ म्हणतात, ∀ने सुरू होणाऱ्या पायरीला Π₂. तिसरीला Σ₃ आणि Π₃, आणि याच क्रमाने पुढे.

हा प्रश्न Σ₂मध्ये आहे, हे वाक्य लिहिताक्षणी दिसते. पण तो त्या पायरीच्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी आहे, म्हणजे Σ₂मधला कुठलाही प्रश्न त्यात बसवता येतो, हे दाखवायला वर्षे गेली. ‘किंवा’ने जोडलेल्या कंसांच्या सूत्रांसाठी ते ख्रिस्टोफर उमान्स यांनी १९९८ मध्ये सिद्ध केले. उतरंड मांडली गेल्यावर २६ वर्षांनी. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते: वरची मर्यादा, म्हणजे प्रश्न या पायरीच्या वर नाही हे, संख्यापक मोजून कुणालाही सांगता येते, खालची मर्यादा, म्हणजे तो या पायरीच्या खालीही सरकत नाही हे, दरवेळी नव्याने मिळवावी लागते. आणि तेही ‘पायऱ्या एकमेकींपासून वेगळ्या असतील तर’ या अटीवरच.

संख्यापकांचा क्रम का महत्त्वाचा, ते सर्वांत लहान उदाहरणात दिसते. x आणि y हे ० किंवा १. ∀x ∃y (x ≠ y): प्रत्येक x साठी त्याच्याहून वेगळा एक y आहे का? आहे, x ० असेल तर y १ घ्या, x १ असेल तर ०. हे विधान खरे. आता क्रम उलटा करू: ∃y ∀x (x ≠ y). असा एक y आहे का, जो प्रत्येक x हून वेगळा आहे? नाही, कुठलाही y ठरवला की x तोच घेता येतो. आतली तपासणी तीच, अक्षरे तीच, उत्तर उलटे. पहिल्या विधानात y ठरवण्याआधी x कळलेला असतो. दुसऱ्यात y आधीच जाहीर करावा लागतो. वादात पहिले कोण बोलणार आणि दुसऱ्याचे ऐकून कोण बोलणार, एवढाच फरक, पण सगळे त्यावर अवलंबून असते.

मोजणी मात्र जपून करावी लागते. वाक्यात ∃ आणि ∀ दिसले म्हणजे प्रश्न लगेच दुसऱ्या पायरीवर गेला, असे नाही. एकाच जातीचे संख्यापक लागून आले तर ते एकच: ‘असा एक y आणि असा एक z’ म्हणजे ‘अशी एक जोडी’. पुराव्याच्या लांबीवरही बंधन आहे: प्रत्येक संख्यापक ज्या वस्तूवर चालतो, तिची लांबी प्रश्नाच्या लांबीच्या बहुपदीत बसली पाहिजे. शंभर चलांचे संपूर्ण सत्यता कोष्टक पुरावा म्हणून चालत नाही. ते वाचायलाच २^१०० ओळी लागतील.

तिसरी चूक जास्त फसवी. ग्राफमध्ये, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांमध्ये, सर्वांत मोठा ‘परस्परजोड’ गट बरोबर k बिंदूंचा आहे का, हा प्रश्न पाहा. असा गट म्हणजे ज्यातले कुठलेही दोन बिंदू रेषेने जोडलेले आहेत. विधान असे होते: k बिंदूंचा एक तरी परस्परजोड गट आहे, *आणि* k+१ बिंदूंचा प्रत्येक गट तसा नाही. ∃ आहे, ∀ही आहे. पण हा ∀ ∃च्या पोटात नाही, शेजारी आहे. पहिला भाग दुसऱ्याला काही सांगत नाही, दुसरा पहिल्यावर अवलंबून नाही. एक एनपीचा प्रश्न आणि एक को-एनपीचा प्रश्न सोडवून दोन्ही उत्तरे जोडली की काम संपले. दुसऱ्या पायरीची पूर्ण ताकद इथे लागतच नाही. कमीत कमी कंसांच्या प्रश्नात तसे करता येत नाही, कारण तिथला ∀ ज्या ψ ची परीक्षा घेतो, ते ∃नेच निवडलेले असते. ‘आत’ आणि ‘शेजारी’ यांतला हा फरक ओळखता आला की पायऱ्या बऱ्याचशा आपोआप दिसू लागतात.

∀ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या पायरीसाठी फ्रँक रॅम्सी यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न घेऊ. सहा बिंदू घ्या, प्रत्येक जोडीत एक रेषा काढा. पंधरा रेषा झाल्या. प्रत्येक रेषा लाल किंवा निळी रंगवा. तुम्ही कशाही रंगवा, एकाच रंगाचा एक तरी त्रिकोण सापडतोच. कारण सोपे आहे: कुठलाही एक बिंदू घ्या, त्यातून पाच रेषा निघतात, म्हणून निदान तीन एका रंगाच्या असणार, समजा लाल. त्या तिघींच्या पलीकडच्या टोकांना तीन बिंदू आहेत. त्यांच्यामधली एकही रेषा लाल असेल तर लाल त्रिकोण झाला. एकही लाल नसेल तर त्या तिघांचाच निळा त्रिकोण झाला. पाच बिंदूंवर मात्र हे टाळता येते: पंचकोनाच्या पाच बाजू लाल आणि आतला पाच टोकांचा तारा निळा.

हे विधान ‘प्रत्येक रंगकामात एक तरी एकरंगी त्रिकोण आहे’ असे आहे: ∀, मग ∃. मग ते Π₂ झाले का? नाही. सहा बिंदूंत त्रिकोण वीसच असतात. बिंदू n असले तरी त्रिकोणांची संख्या n³ च्या आतच राहते, म्हणून आतला ‘एक तरी’ सगळे त्रिकोण एकेक करून पाहून संपवता येतो. तो संख्यापक नावापुरताच. तपासणीतच मुरून जातो, आणि प्रश्न को-एनपीत येतो. संख्यापक खरा तेव्हाच, जेव्हा त्याच्या आवाक्यातल्या शक्यता घातांकी असतात.

आता त्रिकोणाची जागा मोकळी ठेवू. F आणि G असे दोन ग्राफ दिले आहेत. F च्या रेषा लाल-निळ्या कशाही रंगवल्या तरी त्यात एकाच रंगाची G ची प्रतिकृती मिळतेच का? F मध्ये G कुठे बसतो हे शोधणे आता स्वतःच एनपीचा प्रश्न आहे, कारण G हाही मोठा असू शकतो. आतला ∃ खरा झाला आणि प्रश्न दुसऱ्या पायरीवर चढला. या घराण्यातल्या प्रश्नांवर मार्कस शेफर यांनी काम केले, आणि लाल रंगात एक ग्राफ, निळ्यात दुसरा, असे रूप घेऊन तो Π₂ मधल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी आहे, हे सिद्ध केले. दुसऱ्या पायरीवर नैसर्गिक वाटणारे प्रश्न एनपीच्या मानाने कमी सापडतात. म्हणून मला हा प्रश्न विशेष आवडतो. रॅम्सीच्या गणितात त्याला कुणी संगणनाचा प्रश्न म्हणून जन्म दिलेला नव्हता. ‘कसेही रंगवा, सापडतेच’ या त्याच्या मूळच्या बोलण्यातच ती पायरी होती.

तिसऱ्या पायरीचे चांगले उदाहरण शिकण्याच्या सिद्धांतातून येते. समजा एका सरळ रेषेवर ० ते १०२३ हे बिंदू आहेत आणि आपल्याकडे ‘s पासून t पर्यंतचे सगळे’ असे पट्टे आहेत; रिकामा पट्टाही चालतो. दोन बिंदू घ्या, समजा १० आणि २०. यांतले कुणी आत, कुणी बाहेर, अशा चार निवडी होतात, आणि चारही निवडींसाठी पट्टा मिळतो: दोन्ही आत हवेत तर १० ते २०, फक्त १० हवा तर १० ते १५, फक्त २० हवा तर १५ ते २०, एकही नको तर रिकामा. तीन बिंदूंवर हे जमत नाही. १०, २०, ३० घेतले आणि १० व ३० आत पण २० बाहेर ठेवायचा म्हटले, तर कुठलाच पट्टा मधल्याला वगळू शकत नाही. कुठलेही तीन बिंदू घेतले तरी हेच. म्हणून पट्ट्यांच्या या कुटुंबाची व्हॅपनिक–चेर्व्होनेंकिस मिती २. उदाहरणांवरून शिकायला साधारण किती उदाहरणे लागतील, ते या मितीवरून कळते.

मिती निदान k आहे, हे वाक्य उलगडले की तीन थर दिसतात: k बिंदूंचा *एक तरी* संच असा आहे, की त्यांच्या *प्रत्येक* आत-बाहेर निवडीसाठी, कुटुंबातला *एक तरी* सदस्य नेमकी तीच निवड करतो. ∃ ∀ ∃. शेफर यांनीच १९९६ मध्ये दाखवले की हा प्रश्न Σ₃ मधल्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी आहे. पण तो कसा दिला आहे, याला महत्त्व आहे. कुटुंब एका सर्किटने दिले असेल, जे सदस्याचा क्रमांक आणि बिंदूचा क्रमांक घेऊन ‘आत’ किंवा ‘बाहेर’ सांगते, तर छोट्या सर्किटमागे घातांकी संख्येने सदस्य लपलेले असू शकतात, आणि तिन्ही संख्यापक खरे असतात. तेच कुटुंब पूर्ण तक्ता करून लिहून दिले, तर चित्र पालटते. k बिंदूंच्या निवडी २^k, आणि प्रत्येक निवडीला वेगळा सदस्य हवा, म्हणून २^k तक्त्यातल्या ओळींपेक्षा जास्त असूच शकत नाही. मधला ∀ आणि आतला ∃ तक्ता वाचूनच संपतात. बाहेरचा एकच ∃ उरतो, आणि तिसऱ्या पायरीचा प्रश्न सरळ एनपीत उतरतो. प्रश्न तोच, पण लिहिण्याची पद्धत बदलली की दोन पायऱ्या खाली.

पायऱ्या अशा वर वर जात राहतात, पण त्या सगळ्या एकमेकींवर उभ्या आहेत. समजा उद्या पी आणि एनपी एकच निघाले. मग कुठल्याही वाक्यातला सर्वांत आतला ∃, त्याच्या तपासणीसकट, बहुपदी वेळात सुटतो. म्हणजे तोही तपासणीचाच भाग झाला, आणि एक थर गळला. आता त्याच्या बाहेरचा ∀ सर्वांत आत आला. तोही तसाच गळतो, कारण पी आणि एनपी एक असतील तर को-एनपीही तेच. असे एकेक करून सगळे थर गळतात आणि कमीत कमी कंसांचा प्रश्न, रॅम्सीचा प्रश्न, मितीचा प्रश्न, सगळे बहुपदी वेळात सुटू लागतात. मधली कुठलीही पायरी अशी कोसळली, म्हणजे Σ₂ आणि Π₂ एक निघाले, तरी याच युक्तीने वरच्या सगळ्या पायऱ्या तिथवर खाली येतात.

या युक्तीला एक मर्यादा आहे. एक थर गिळताना वेळ n चा n², असा वाढू शकतो. पुढचा थर गिळला की n⁴, त्यापुढे n⁸. थर तीन असोत की तीस, ते आधी ठरलेले असतील तर शेवटी बहुपदीच राहते, कितीही मोठी असली तरी. पण थरांची संख्या प्रश्नाबरोबर वाढत असेल, शंभर चलांना शंभर थर, हजार चलांना हजार, तर घातांक २^१०० किंवा २^१००० होतो आणि युक्ती हातातून जाते. अमर्याद आलटापालटीचे ते प्रश्न उतरंडीच्या बाहेरचे समजले जातात. ते बहुपदी जागेत सुटणाऱ्या प्रश्नांचे, पी-स्पेसचे. म्हणून पी आणि एनपी एक निघाले तरी पी-स्पेसही खाली येईलच, असे कुणाला म्हणता येत नाही.

उतरंडीचा सर्वांत सुंदर उपयोग मला १९८० मध्ये रिचर्ड कार्प आणि रिचर्ड लिप्टन यांनी मांडलेल्या प्रमेयात दिसतो. प्रश्न असा: समाधेयतेचा प्रश्न सोडवणारा एकच वेगवान अल्गोरिदम कदाचित नसेल, पण प्रत्येक लांबीसाठी वेगळे, माफक आकाराचे सर्किट तरी असेल का? शंभर लांबीच्या सूत्रांसाठी एक, हजार लांबीच्या सूत्रांसाठी दुसरे, आणि ते कसे शोधायचे हे कुणाला ठाऊक नसले तरी चालेल. समजा तशी सर्किटे आहेत. समाधेयतेचे सर्किट फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगते, पण त्यातून नेमकी मांडणी काढता येते: पहिला चल ० ठेवून विचारा, ‘हो’ आले तर ० कायम, नाहीतर १, मग दुसरा चल, मग तिसरा. या सगळ्या विचारणा जोडून एक मोठे, तरीही बहुपदी आकाराचे सर्किट C बनते, जे x घेऊन त्याला जुळणारा y स्वतःच काढून देते, असा y असेल तर.

आता ∀x ∃y φ(x, y) हे Π₂ चे वाक्य पाहा. ते असे बदलून लिहिता येते: ∃C ∀x φ(x, C(x)). मूळ वाक्य खरे असेल तर वर म्हटलेले सर्किट C आहेच, आणि ते प्रत्येक x साठी योग्य y देते. म्हणून नवे वाक्यही खरे. मूळ वाक्य खोटे असेल तर असा एक x आहे ज्याला कुठलाच y चालत नाही; मग C कितीही लबाड असले तरी त्या x वर φ खोटेच ठरणार, म्हणून नवे वाक्यही खोटे. C वर आंधळा विश्वास ठेवायची गरजच नाही, φ त्याची तपासणी करतेच. क्रम उलटला, तरी अर्थ बदलला नाही.

मघाचे छोटे उदाहरण इथे पुन्हा उपयोगी पडते. ∀x ∃y (x ≠ y) खरे होते आणि ∃y ∀x (x ≠ y) खोटे. y आधी जाहीर करता येत नव्हता. पण y च्या ऐवजी y *काढण्याची रीत* आधी जाहीर करता येते: ∃C ∀x (x ≠ C(x)), आणि C म्हणजे उलटा करणारे एकच गेट, ¬. ते वाक्य खरे आहे. कार्प आणि लिप्टन यांची युक्ती म्हणजे हेच गेट, फक्त हजारो चलांच्या सूत्रांसाठी. आणि ते बहुपदी आकारात मावते, हे त्या सर्किटांच्या गृहीतकातून मिळते.

म्हणून समाधेयतेला लहान सर्किटे असतील तर Π₂ पूर्णपणे Σ₂ मध्ये येते आणि सगळी उतरंड दुसऱ्या पायरीवर कोसळते. रॅम्सीच्या सामान्य प्रश्नाचा ‘प्रत्येक, एक तरी’ तेव्हा ‘एक तरी, प्रत्येक’ असा लिहिता येईल. मितीच्या प्रश्नाचे तीन थर दोनात बसतील. उतरंड अशी कोसळत नसावी, यावर या क्षेत्रातल्या बहुतेकांचा भरवसा आहे. तो भरवसा खरा असेल तर समाधेयतेसाठी लहान सर्किटे कुठेही नाहीत, आपल्याला ती कधी शोधता आली असती किंवा नसती तरी.